हंगामी रोजगारातील प्रसूती लाभ (मालवण किनारा, सिंधुदुर्ग)

प्रसूती लाभ म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या काळात मिळणारी पगारी रजा आणि त्या काळात तिची नोकरी व मजुरी यांना कायद्याने दिलेले संरक्षण होय. भारतात हा हक्क प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ या कायद्याने दिला. पुढे हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. रजेचा कालावधी, पात्रता आणि नियोक्त्यावरील निर्बंध यांविषयीच्या मुख्य तरतुदी संहितेत कायम आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारी पट्ट्यात स्त्रियांचा रोजगार मोठ्या प्रमाणावर हंगामी आहे. दिवाळीच्या सुमारास पर्यटकांचा ओघ सुरू होतो आणि मे महिन्याच्या अखेरीस ओसरतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद राहतात. अनेक हॉटेले व खानावळी आपले बहुतेक कामगार कमी करतात. त्यामुळे गरोदर स्त्रीच्या बाबतीत येथे एक प्रश्न हमखास उद्भवतो: हंगाम संपला म्हणून काम संपले, तर प्रसूती लाभही संपतो का? या प्रश्नाचे उत्तर कायद्यातील दोन मोजण्यांवर अवलंबून आहे. पहिली मोजणी कामगारांच्या संख्येची आणि दुसरी कामाच्या दिवसांची.

## पार्श्वभूमी

मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणात रजा व भत्ता मिळावा, यासाठी कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले होते, पण ते संमत झाले नाही. त्यानंतर मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले. जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या नियोक्त्यालाही त्यातून पूर्णपणे मुक्त करता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. यातून १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा अस्तित्वात आला.

स्वातंत्र्यानंतर संपूर्ण देशासाठी १९६१ चा अधिनियम झाला. आरंभी त्यात बारा आठवड्यांची रजा होती आणि पात्रतेसाठी १६० दिवसांचे काम आवश्यक होते. हंगामी कामगार स्त्रीला ही अट जड जात असे. सात-साडेसात महिन्यांच्या हंगामातून साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण आणि सणवार वजा केले की १६० चा आकडा जेमतेम गाठला जाई. १९८८ च्या दुरुस्तीने ही अट ८० दिवसांवर आणली आणि त्याच दुरुस्तीने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत आणल्या. किनाऱ्यावरील हॉटेल व खानावळ व्यवसायाशी या कायद्याचा संबंध येतो तो प्रामुख्याने या दुरुस्तीमुळे. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली.

## पहिली मोजणी: दहा माणसे

कारखाना, खाण आणि मळा यांना कायदा लागू होतोच. दुकान किंवा अन्य आस्थापनेला तो लागू होण्यासाठी तेथे दहा किंवा अधिक व्यक्ती कामाला असाव्या लागतात. मात्र ही संख्या आज असावी, अशी अट नाही. मागील बारा महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामाला असली, तरी ते पुरेसे आहे.

हंगामी व्यवसायात या एका वाक्याचे महत्त्व मोठे आहे. तारकर्लीतील एखाद्या हॉटेलात जून महिन्यात राखणदार, आचारी आणि साफसफाई करणारी बाई अशी तीनच माणसे उरलेली असतील. पण नाताळच्या आठवड्यात तेथे बारा माणसे राबत असतील, तर त्या हॉटेलला कायदा लागू आहे. जून महिन्यात ‘आमच्याकडे तिघेच आहेत’ हे उत्तर कायद्यापुढे पुरत नाही. दहाची मोजणी पुरुष व स्त्रिया मिळून करायची असते. केवळ स्त्रियांची नव्हे. रोजंदारीवरील माणसेही तीत येतात. रोजंदारीवरील व मस्टरवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेविरुद्ध मस्टरवरील महिला कामगारांच्या खटल्यात २००० साली स्पष्ट केले.

याउलट घरच्या माणसांनी चालवलेले, मदतीला एखाददुसरी बाई ठेवलेले निवासस्थान किंवा खानावळ वर्षभरात कधीच दहाचा आकडा गाठत नाही. अशा ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला नियोक्त्याकडून २६ आठवड्यांची पगारी रजा मागण्याचा हक्क या कायद्याने मिळत नाही. किनाऱ्यावरील बराच रोजगार अशाच लहान व्यवसायांत असल्याने ही या कायद्याची तेथील सर्वांत ठळक मर्यादा ठरते. अशा स्त्रियांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. तिच्या निकषांत बसणाऱ्या मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. ही रक्कम शासन देते; ती मजुरीची भरपाई नव्हे.

## दुसरी मोजणी: ऐंशी दिवस

अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या नियोक्त्याकडे किमान ८० दिवस काम केलेले असेल, तर स्त्री लाभाला पात्र ठरते. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्या आणि नियोक्त्याने काम नसल्यामुळे कामगाराला पटावर ठेवूनच बसवले असेल, तर ते ‘ले-ऑफ’चे दिवसही या ८० मध्ये धरले जातात.

येथे हजेरीपटाला महत्त्व येते. मार्चच्या आरंभी कामाला लागलेल्या स्त्रीचे मेच्या मध्यापर्यंत साधारण ६५ दिवस भरतात. तिला पटावर ठेवून पावसाळ्यापुरते बसवले असेल, तर ते दिवस मिळवून तिचा आकडा ८० च्या पुढे जाऊ शकतो. तिचे नाव पटावरून काढून टाकले असेल, तर तो ६५ वरच थांबतो. म्हणून हंगामाच्या अखेरीस ‘बसवले’ की ‘काढले’, हा केवळ शब्दांचा फरक राहत नाही. हजेरीची नोंद, मजुरीच्या पावत्या, बँकेत जमा झालेली मजुरी किंवा मोबाईलवरून झालेले व्यवहार यांवरून हे दिवस सिद्ध करता येतात.

## रजेचा कालावधी आणि रक्कम

दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या स्त्रीला २६ आठवडे लाभ मिळतो. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक हयात अपत्ये असल्यास लाभ बारा आठवड्यांचा असतो आणि त्यांपैकी सहा आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. गरोदरपण किंवा बाळंतपणातून आजार उद्भवल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते.

रक्कम सरासरी दैनिक मजुरीच्या दराने दिली जाते. रजा सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत स्त्रीने ज्या दिवशी काम केले, त्या दिवसांच्या मजुरीची ही सरासरी असते. ती किमान वेतनापेक्षा कमी धरता येत नाही. सरासरी काढताना भागाकार काम केलेल्या दिवसांनी करायचा असतो, तीन महिन्यांच्या सर्व दिवसांनी नव्हे. सरासरी निघाल्यावर मात्र तिचा गुणाकार रजेतील सर्व दिवसांशी, रविवारांसह, केला जातो. बी. शाह खटल्यात मळ्यातील एका कामगार स्त्रीला बारा आठवड्यांचे ७२ दिवसच धरून रक्कम दिली होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठवडा सात दिवसांचाच मानून ८४ दिवसांची रक्कम देय ठरवली.

नियोक्ता प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरची वैद्यकीय सोय विनामूल्य पुरवत नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा द्यावा लागतो. कामगार राज्य विमा योजनेत विमा उतरवलेल्या स्त्रीला मात्र लाभाची रक्कम नियोक्त्याऐवजी विमा महामंडळाकडून मिळते.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ हिशेब स्पष्ट करण्यासाठी आहे. मालवण तालुक्यातील एका हॉटेलात एक स्त्री दररोज ५०० रुपये मजुरीवर स्वयंपाकघरात काम करते. हंगामात तेथे चौदा माणसे आहेत. ती १ ऑक्टोबरला कामाला लागली. आठवड्याला एक सुट्टी धरून १५ मेपर्यंत तिचे १९५ दिवस काम झाले. तिला पहिलेच अपत्य होणार असून प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑगस्ट आहे. १५ मे रोजी, म्हणजे सुमारे सव्वीस आठवड्यांची गरोदर असताना, तिला ‘हंगाम संपला, ऑक्टोबरात बघू’ असे सांगण्यात आले.

दोन्ही मोजण्या तिच्या बाजूने आहेत. हॉटेलात दहापेक्षा जास्त माणसे होती आणि तिचे ८० पेक्षा कितीतरी अधिक दिवस भरले आहेत. प्रसूतीपूर्वीचे आठ आठवडे २५ जूनला सुरू होतात. तेथून १८२ दिवस मोजले, तर रजा २३ डिसेंबरला संपते.

रकमेच्या हिशेबात सर्वाधिक चूक होते ती सरासरीत. २५ मार्च ते २४ जून या तीन महिन्यांचे ९२ दिवस होतात. त्यांपैकी तिने १५ मेपर्यंत ४५ दिवस काम केले आणि २२,५०० रुपये मिळवले. ही रक्कम ९२ ने भागली, तर दैनिक सरासरी सुमारे २४५ रुपये येते आणि २६ आठवड्यांचा लाभ साडेचव्वेचाळीस हजारांच्या आसपास दिसतो. कायद्याप्रमाणे ती ४५ ने भागावी लागते. सरासरी ५०० रुपये येते आणि लाभ ९१,००० रुपये होतो. पावसाळ्यातील रिकाम्या दिवसांमुळे लाभ निम्म्यावर येत असेल, तर भागाकार चुकीच्या संख्येने झाला आहे, हे लगेच ओळखता येते.

या ९१,००० रुपयांपैकी प्रसूतीपूर्वीच्या ५६ दिवसांचे २८,००० रुपये गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यावयाचे असतात. उरलेल्या १२६ दिवसांचे ६३,००० रुपये प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांच्या आत द्यावे लागतात. वैद्यकीय सोय पुरवलेली नसल्यास ३,५०० रुपये बोनस याशिवाय आहे.

## हंगाम संपणे आणि लाभ संपणे

अशा प्रकरणातील खरा वाद १५ मेच्या तारखेवर होतो. काम रजेपूर्वीच संपले, तेव्हा रजा कशातून द्यायची, असे नियोक्ता म्हणू शकतो. कायद्यातील तरतूद याला उत्तर देते. गरोदर असताना केव्हाही स्त्रीला कामावरून कमी केले आणि कमी केले नसते तर ती लाभाला पात्र ठरली असती, तर कमी केल्यामुळे तिचा प्रसूती लाभ व वैद्यकीय बोनस बुडत नाही. नोकरी जाणे आणि लाभ जाणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या आहेत.

मुदतबंद करार आपोआप संपला, कोणी काढले नाही, असा बचाव केला जातो. डॉ. कविता यादव खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. दिल्लीतील एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रसूती रजेला सुरुवात होऊन काही दिवसांतच कराराची मुदत संपली होती आणि उरलेला लाभ नाकारण्यात आला होता. पात्रता पूर्ण झाल्यावर लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही चालू राहतो, असे न्यायालयाने म्हटले आणि पूर्ण कालावधीची रक्कम देण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात रजा सुरू झालेली होती. हंगामी कामगार स्त्रीच्या बाबतीत ती अनेकदा सुरू व्हायची असते. हा फरक नियोक्ता पुढे करू शकतो. मात्र कायद्याचे शब्द ‘गरोदर असताना केव्हाही’ असे असल्याने स्त्रीची बाजू त्यांवर उभी राहते.

## नियोक्त्याला काय करता येत नाही

प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई आहे आणि तिनेही त्या काळात काम करावयाचे नसते. ही मनाई तिच्या संमतीने दूर होत नाही. वरील उदाहरणात प्रसूती २० ऑगस्टलाच झाली, तर हे सहा आठवडे १ ऑक्टोबरपर्यंत चालतात. हंगामाच्या पहिल्याच दिवशी तिला स्वयंपाकघरात बोलावणे म्हणूनच बेकायदा ठरते.

प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांत, तसेच त्यापूर्वीच्या एक महिन्यात, स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे, बराच वेळ उभे राहण्याचे किंवा गर्भाला अपाय होईल असे काम देता येत नाही. हंडे उचलणे, खोल्यांतील गाद्या हलवणे किंवा दिवसभर चुलीपुढे उभे राहणे ही येथील नेहमीची उदाहरणे आहेत. हलके काम दिले म्हणून मजुरी कापता येत नाही.

रजेच्या काळात स्त्रीला बडतर्फ करणे, रजेतच मुदत संपेल अशी नोटीस देणे किंवा तिच्या गैरहजेरीत कामाच्या अटी तिला अपायकारक होतील अशा रीतीने बदलणे बेकायदा आहे. रजेतच पगाराचा दर कमी केल्याचे कळवणे या शेवटच्या प्रकारात मोडते. गंभीर गैरवर्तनासाठी बडतर्फी झाल्यास नियोक्ता लेखी आदेशाने लाभ नाकारू शकतो; लाभ नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध किंवा रजेतील बडतर्फीविरुद्ध साठ दिवसांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते. गरोदर राहणे हे गैरवर्तन नव्हे. पहिल्या गरोदरपणानंतर हवाई सुंदरीची सेवा संपवण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता.

कामावर परतल्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी द्यावी लागते आणि तिचीही मजुरी कापता येत नाही. पन्नास किंवा अधिक कामगार असल्यास पाळणाघराची सोय बंधनकारक आहे.

एक निर्बंध स्त्रीवरही आहे. नियोक्त्याने दिलेल्या रजेच्या काळात तिने दुसरीकडे काम केले, तर त्या मुदतीचा लाभ ती गमावते. घरखर्चासाठी याच काळात काजू सोलण्याचे किंवा दुसऱ्या खानावळीतील काम पत्करल्यास नियोक्त्याला आयते कारण मिळते.

## मागणी आणि तक्रार

लाभासाठी नियोक्त्याला लेखी सूचना द्यावयाची असते. तीत कोणत्या तारखेपासून रजा हवी, रक्कम कोणाला द्यावी आणि त्या काळात अन्यत्र काम करणार नाही, या तीन गोष्टी नमूद कराव्या लागतात. ही सूचना प्रसूतीपूर्वी देणे राहून गेले, तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर देता येते. केवळ सूचना दिली नाही म्हणून हक्क नष्ट होत नाही. कामावरून कमी केलेल्या स्त्रीनेही ही सूचना देणे श्रेयस्कर ठरते, कारण मागणी केव्हा केली याचा तोच पुरावा असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा. सोबत डॉक्टरांचे अपेक्षित तारखेचे प्रमाणपत्र जोडावे.

रक्कम न मिळाल्यास किंवा बेकायदा काढून टाकल्यास कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. निरीक्षक चौकशी करून देय रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. चौकशीत दोन कागद निर्णायक ठरतात: हंगामाच्या ऐन गर्दीच्या आठवड्याचा हजेरीपट आणि त्या स्त्रीच्या कामाच्या दिवसांची नोंद. पहिल्यातून दहा माणसांचा आणि दुसऱ्यातून ऐंशी दिवसांचा प्रश्न सुटतो.